कागदावरचं 40 मिली

आज मी एकाच बाळाबद्दल बोलणार आहे, कारण दहा बाळांचं थोडं थोडं सांगितलं तर घरी जाताना हातात काही राहत नाही. मुलगी, 31 आठवड्यांची जन्मली, वजन 1380 ग्रॅम. पाच आठवडे एनआयसीयूत काढले आणि गरोदरपणाचे आठवडे धरून 36 आठवड्यांची झाल्यावर 1820 ग्रॅमवर घरी सोडली. तोपर्यंत श्वास, तापमान, दूध पिणं सगळं जमलेलं होतं. पण फेंटन चार्टवर, म्हणजे अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या वाढीच्या तक्त्यावर, बघितलं तर जन्मताना ती रेषांच्या मध्याजवळ होती आणि घरी जाताना दहाव्या पर्सेंटाइलच्या खाली घसरलेली, म्हणजे तेवढ्याच आठवड्यांच्या शंभरातल्या नव्वद बाळांपेक्षा हलकी. अशा बाळाला नुसतं "आईचं दूध चालू ठेवा" सांगून पाठवायचं नसतं, मागे पडलेलं भरून काढायचा हिशोब सोबत द्यावा लागतो.

तो हिशोब असा होता. दिवसाला किलोमागे साधारण 175 ते 180 मिली दूध. 1820 ग्रॅमला गुणलं की दिवसाचे 320 मिली येतात, आठ फीडमध्ये वाटले की एका वेळेला 40. ती अंगावर ओढायची पण पाच मिनिटांत दमून झोपायची, म्हणून आधी थोडा वेळ अंगावर आणि मग मोजलेलं, काढलेलं दूध वाटी-चमच्याने, असं ठरलं. आठपैकी चार फीडमध्ये फोर्टिफायर. आता फोर्टिफायर म्हणजे काय हे नीट समजून घ्या, कारण बऱ्याच घरी त्याला "पावडरचं दूध" म्हणतात आणि मग सगळा घोळ होतो. ते वेगळं दूध नाही. आईच्या 100 मिली दुधात साधारण 67 कॅलरी असतात आणि प्रोटीन जेमतेम 1 ग्रॅमच्या आसपास, पूर्ण दिवसांच्या बाळाला ते अगदी बरोबर आहे, पण या पोरीला हाडांसाठी कॅल्शियम, फॉस्फरस आणि वाढीसाठी प्रोटीन जास्त लागतं आणि पोट मात्र तेवढंच लहान. म्हणून त्याच दुधात फोर्टिफायरच्या पावडरचा सॅशे मिसळून ते 80 कॅलरींपर्यंत न्यायचं. त्यांना दिलेला एक सॅशे 25 मिली दुधासाठी होता. कंपनीप्रमाणे हे बदलतं, तेव्हा पाकिटावर काय छापलंय ते वाचायचंच, शेजारच्या बाळाचं प्रमाण आपल्याला लावायचं नाही.

पहिल्या आठवड्यात 170 ग्रॅम वाढली. दुसऱ्यात 200. सगळे खूश. तिसऱ्यात 110, चौथ्यात 85, वजन 2385 ग्रॅम. बाळ छान दिसत होतं, शी-शू व्यवस्थित, रडायची कमी, घरचे म्हणत होते अंग धरलंय. आणि वाढतच होती ना, काटा पुढेच सरकत होता, म्हणून कुणाला शंका आली नाही. पण या काळात, म्हणजे 40 आठवडे भरेपर्यंत, किलोमागे दिवसाला 15 ते 20 ग्रॅम वाढ हवी असते. तिच्या वजनाला ती 35 ग्रॅमच्या पुढे येते आणि ती वाढत होती 12 ग्रॅमनं.

मी आईला म्हटलं, ताई, घरी लावलेला कागद दाखवा. डिस्चार्जच्या दिवशी आम्हीच दिलेला, फ्रिजवर चिकटवलेला, चारी कोपऱ्यांना दुधाचे डाग. त्यावर लिहिलं होतं 40 मिली, आठ वेळा. चार आठवडे त्यांनी एकही फीड न चुकवता, रात्री दोनला उठून, 40 मिलीच दिलं होतं. चूक त्यांची नव्हती, त्या कागदावर "दर आठवड्याला वजनावरून बदला" असं आम्ही लिहिलंच नव्हतं. 320 मिली 1820 ग्रॅमच्या बाळाला भरपूर होतं, किलोमागे जवळजवळ 130 कॅलरी पडत होत्या. तेच 320 मिली 2385 ग्रॅमला किलोमागे 134 मिली होतं आणि कॅलरी शंभराच्या खाली. म्हणजे दूध कुणी कमी केलं नाही, बाळ मोठं झालं आणि दूध आपोआप कमी पडलं.

दुसरी गोष्ट बोलता बोलता निघाली. 40 मिलीला 25 चा सॅशे बसत नाही. आम्ही सांगितलं होतं 50 मिलीत दोन सॅशे मिसळा, त्यातलं 40 पाजा, उरलेलं 10 टाका. ज्या बाईनं अर्धा तास बसून ते दूध काढलंय तिला 10 मिली ओतून द्या म्हणणं किती जीवावर येतं हे मला तेव्हा कळायला हवं होतं. दोनेक दिवसांनी त्या 40 मिलीत एकच सॅशे घालायला लागल्या. उलटी चूकही मी पाहिलीये, 40 मध्ये दोन घालून दूध जास्त घट्ट करायचं, आणि ती जास्त वाईट, कारण त्यानं पोट फुगतं, बाळ उलट्या करतं, शी कडक होते. प्रमाण पुढेमागे करायचंच नाही.

मग नवीन कागद केला. 50 मिली, आठ वेळा, म्हणजे किलोमागे 168. चार फीडमध्ये प्रत्येकी बरोबर दोन सॅशे आणि थेंब वाया नाही. पाजायच्या वेळीच मिसळायचं, दूध कोमट, कडक गरम नाही, उरलेलं पुढच्या फीडला ठेवायचं नाही. एकदम 40 वरून 50 नाही केलं हां, आधी दोन दिवस 45 (तेवढे दोन दिवस मात्र 5 मिली टाकावंच लागलं), पोट मऊ आहे ना बघितलं, मग 50. आणि खाली मोठ्या अक्षरात तारीख: हा कागद सात दिवसच चालेल.

पुढच्या आठवड्यात 235 ग्रॅम वाढली.

वजन कसं करता हेही तेवढंच महत्त्वाचं आहे. एकच काटा, कपडे-डायपर काढून, शक्यतो एकाच वेळी, फीडच्या आधी. रोज करू नका, एका शीनं आकडा हलतो आणि रात्रीची झोप उडते. आठवड्यातून एकदा पुरे. पण नुसतं वजन पुरत नाही, उंची आणि डोक्याचा घेरही चार्टवर मांडा. दूध कमी पडलं की आधी वजन मंदावतं, मग उंची, डोकं सगळ्यात शेवटी. या मुलीचं डोकं आठवड्याला अर्धा सेंटीमीटर वाढतच होतं, म्हणजे आम्ही वेळेत पोचलो. उलट बाजूही लक्षात ठेवा, वजन भराभर चढतंय आणि उंची जागेवरच, तर ते मागे पडलेलं भरून काढणं नाही, नुसती चरबी आहे, तिथे दूध आणखी घट्ट करायचं नसतं.

एका आजींनी विचारलं, हे सॅशे किती दिवस? याचं उत्तर तारखेत नाही देता येत. ती अंगावर जोरात प्यायला लागली तशी मोजलेली फीड कमी होत गेली, सॅशेवाल्या चार फीडच्या दोन केल्या, आठवडाभर वजन बघितलं, दिवसाला 25-30 ग्रॅम टिकून राहिलं, 40 आठवड्यांनंतर एवढं चांगलं. मग रक्तात फॉस्फरस आणि अल्कलाइन फॉस्फटेज तपासलं, हाडं कमजोर नाहीत ना यासाठी, ते ठीक आलं तेव्हा उरलेल्या दोन फीडमधले सॅशेही थांबवले. त्या वेळी ती 48 आठवड्यांची होती. व्हिटॅमिन डी आणि लोहाचे थेंब मात्र चालू ठेवले, आणि लोहाचा डोस पुन्हा ठरवला, कारण काही फोर्टिफायरमध्ये लोह असतं, काहींत नसतं, आणि सॅशे बंद केल्यावर तो हिशोब बदलू शकतो.

50 आठवड्यांनंतर तिचा चार्ट बदलला, फेंटनवरून डब्ल्यूएचओचा, पण वय धरलं ते जन्मतारखेवरून नाही, डिलिव्हरीची जी तारीख दिली होती तिथून. दोन वर्षांपर्यंत असंच धरायचं. मधे एकदा घरच्या कुणीतरी जन्मतारखेनं मांडलं आणि पोर एकदम तळाला दिसली, आई रडतच आली. आम्ही बरोबर वयानं ठिपका पुन्हा मांडला, तो तिच्या नेहमीच्या रेषेवरच होता.