मुदतवाढ मागताना तारीख लिहा

मंडळी, आजचा विषय आहे 'वाढवा नाहीतर पैसे द्या' ही मागणी. पण तिथे पोचण्याआधी मला एका पत्राबद्दल बोलायचंय. ते पत्र आमच्याच कार्यालयातून गेलं होतं आणि त्यातलं एक वाक्य मला आजही खुपतं: "प्रकल्प पूर्ण होईपर्यंत बँक गॅरंटीची मुदत वाढवून द्यावी."

काम पंपांचं होतं. पुरवठादाराने ऑर्डरच्या दहा टक्क्यांची परफॉर्मन्स गॅरंटी दिली होती, म्हणजे त्याने करार मोडला तर तेवढे पैसे आम्हाला देण्याची बँकेची हमी. पंप ३० सप्टेंबरला चालू व्हायचे, त्यावर बारा महिने वॉरंटी आणि क्लेमसाठी दोन महिने, म्हणून गॅरंटी पुढच्या वर्षीच्या ३० नोव्हेंबरपर्यंत. पंप वेळेवर आले. पाया तयार नव्हता, आणि तो बांधायचं काम आमच्याकडे होतं. पंप चालू व्हायला २८ फेब्रुवारी उजाडला, म्हणजे पाच महिने उशीर. वॉरंटी तिथून मोजली की गॅरंटी ३० एप्रिलपर्यंत हवी. एवढा सरळ हिशोब, पण तो पत्रात नव्हता.

"पूर्ण होईपर्यंत" या शब्दांवर कुठलीही बँक गॅरंटीची मुदत बदलणारं दुरुस्तीपत्र काढत नाही, तिला तारीख लागते. आणि बँक आपलं नव्हे, पुरवठादाराचं ऐकते, कारण गॅरंटी त्याच्या अर्जावर निघालेली असते. म्हणून विनंती पुरवठादाराला करायची, मग तो बँकेला अर्ज करतो. आमचं पत्र वाचून त्याने आपल्या अंदाजाने एक महिना वाढवून दिला. मग पुन्हा पत्र, पुन्हा महिना.

त्याच्यावर मी रागावलो नाही, कारण त्याची बाजू खरी होती. गॅरंटी जिवंत असेपर्यंत त्याला कमिशन भरावं लागतं, बऱ्याच बँका ते तिमाहीच्या हिशोबाने घेतात, म्हणजे एका महिन्यालाही तिमाहीचे पैसे. शिवाय मार्जिन म्हणून बँकेत ठेवलेली रक्कम अडकते आणि बँकेतली लिमिट तेवढी कमी होते, मग दुसऱ्या ऑर्डरसाठी गॅरंटी काढता येत नाही. उशीर आमचा आणि भुर्दंड त्याला! पत्रात कमिशन कोण भरणार याचा उल्लेखच नव्हता, म्हणून अर्ज त्याच्या टेबलावर पडून राहायचा. माझं ठाम मत आहे की उशीर आपला असेल तर मुदतवाढीचं कमिशन आपणच द्यावं, आणि ते पहिल्याच पत्रात लिहावं.

तिसऱ्या वेळी पुरवठादाराने दुरुस्तीपत्राची स्कॅन प्रत पाठवली. तारीख बरोबर, रक्कम बरोबर. मुदत संपायला चार दिवस असताना आमच्या लेखा विभागातल्या एका मुलीने ते मूळ गॅरंटीशेजारी ठेवून वाचलं. क्रमांक शेवटच्या आकड्यात वेगळा होता. तो त्याच ऑर्डरच्या आगाऊ रकमेच्या गॅरंटीचा क्रमांक होता! म्हणजे वाढ भलत्याच गॅरंटीला मिळाली होती आणि आमची चार दिवसांत संपणार होती. संपलेली गॅरंटी वाढवून मिळत नाही, नवी काढावी लागते. आणि नवी द्यायला पुरवठादार का घाई करेल?

वेळ संपत आल्याची चिठ्ठी आली आहे, तेव्हा जाहीर केलेला विषय भरभर सांगतो. अशा वेळी मुदत संपण्याआधी थेट बँकेकडे मागणी ठेवायची: अमुक तारखेपर्यंत वाढवा, नाहीतर पैसे द्या. गॅरंटीवर यूआरडीजी ७५८, म्हणजे अशा गॅरंटींसाठीचे आंतरराष्ट्रीय नियम, लागू आहेत असं लिहिलेलं असेल, तर कलम २३ प्रमाणे बँक पैसे देणं मागणी मिळाल्यापासून जास्तीत जास्त ३० दिवस थांबवू शकते. तेवढ्यात मागितलेली वाढ मिळाली की मागणी मागे घेतली असं धरलं जातं. नाही मिळाली तर पैसे.

पण ती मागणी नियमात बसणारी हवी. पुरवठादाराने करार कुठे मोडला, हे निवेदन सोबत लागतं. उशीर आपला असताना काय लिहिणार? पंप तर त्याने वेळेवर दिले. म्हणून मुदतवाढ देणं ही पुरवठादाराची जबाबदारी आहे आणि ती न दिल्यास गॅरंटी वटवता येईल, हे कलम मूळ करारातच हवं. ते नसेल तर खोटं निवेदन देऊ नका.

आमच्या करारात ते होतं. मागणी तिसऱ्या दिवशी बँकेत पोचली. सोबत पुरवठादाराला नवं पत्र गेलं, त्यात गॅरंटी क्रमांक, ३० एप्रिल ही तारीख, तिचा हिशोब आणि कमिशन आम्ही भरू हे वाक्य. नवव्या दिवशी दुरुस्तीपत्र आलं, आणि त्याच मुलीने ते मूळ गॅरंटीशेजारी ठेवून आकडा-आकडा जुळवला.