पहिला रोजा म्हणा, एक तारीख म्हणू नका

नमस्कार मंडळी. केटरिंगवाल्यांच्या बैठकीत रमजानच्या ऑर्डरींवर बोल म्हणून सांगितलंय, तर मी मेन्यूवर बोलणार नाही, मेन्यू तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला येतो. मी बोलणार आहे जाहिरातीत काय लिहायचं यावर, कारण माझं नुकसान तिथेच झालं होतं.

2025 ची गोष्ट. आमचं किचन पुण्यात, तेव्हा इफ्तार बॉक्सचं पहिलंच वर्ष. मी मोबाईलवर बघितलं, कुठेतरी लिहिलं होतं रमजान 1 मार्चपासून, आणि तशीच पत्रकं छापून घेतली, "1 मार्चपासून इफ्तार बॉक्स सुरू". 28 फेब्रुवारीला शुक्रवारी संध्याकाळी आपल्याकडे चाँद दिसलाच नाही. सौदीमध्ये दिसला, तिकडे 1 तारखेला पहिला रोजा झाला, आपल्याकडे तो 2 मार्चला, रविवारी. आणि माझ्याकडे शनिवारसाठी 120 बॉक्सचं चिकन मॅरिनेट करून पडलेलं, कलिंगडं आलेली, वडे भिजवायला दही लावलेलं. पैसे गेले ते गेलेच, पण एका घरातल्या आजी फोनवर जे बोलल्या ते जास्त लागलं. म्हणाल्या, बेटा, चाँदच्या आधी तूच ठरवलंस का रमजान कधी ते? त्यांचं बरोबर होतं. ते जाहीर करायचा मान हिलाल कमिटीचा, मशिदीचा. हॉटेलच्या पत्रकाचा नाही.

आता हे नीट समजून घ्या, कारण एकदा कळलं की अर्धी भीती जाते. इस्लामी महिना 29 किंवा 30 दिवसांचा, आणि दिवस सुरू होतो संध्याकाळी, सूर्य मावळल्यावर. म्हणजे आज संध्याकाळी चाँद दिसला तर आज रात्री तरावीहची नमाज, पहाटे सेहरी, आणि पहिला इफ्तार उद्या संध्याकाळी. बघा, चाँद दिसल्यापासून पहिल्या बॉक्सपर्यंत तुमच्या हातात जवळजवळ पूर्ण चोवीस तास आहेत! मी उगाच आदल्या दिवशी चिकन आणून बसले होते. आपल्या मराठी कॅलेंडरात अमावस्येनंतर "चंद्रदर्शन" छापलेलं असतं ना, ते अंदाजाला छान आहे, कोणत्या दोन दिवसांत होईल ते कळतं, पण निर्णय त्यावर नाही, ढग आले तर चंद्र असूनही दिसत नाही.

म्हणून आता आमच्या जाहिरातीत तारीखच नसते. असं लिहितो: "पहिल्या रोजापासून इफ्तार बॉक्स. चाँद जाहीर झाल्यावर रात्री मेसेज येईल, तोपर्यंत नाव नोंदवून ठेवा." बुकिंगच्या वहीत पण तारखेचा रकाना नाही, रोजाचा नंबर आहे. सातवा रोजा, अकरावा रोजा. फक्त ज्यांना वार महत्त्वाचा असतो, ऑफिसची पार्टी शुक्रवारीच हवी वगैरे, त्यांचं वारावर घेतो आणि विचारून घेतो. दोन्ही मिसळलं की गोंधळ, एका ऑफिसने दहाव्या रोजाचा वारच चुकीचा धरला होता.

आणि हो, सगळे एकाच दिवशी सुरू करत नाहीत. बोहरी लोकांचं कॅलेंडर गणिताने ठरलेलं असतं, त्यांचा रोजा बहुतेक वेळा एक-दोन दिवस आधी सुरू होतो. तेव्हा "रमजान अजून सुरू नाही" असं फोनवर कुणाला सांगायचं नाही, "तुमच्याकडे पहिला रोजा कधी?" असं विचारायचं.

आता वेळ. इथे मिनिटाला किंमत आहे. सूर्य मावळायच्या आधी एक मिनिट जरी कुणी खजूर तोंडात टाकला तर दिवसभराचा रोजा गेला, आणि तो आपल्या कार्डावरच्या वेळेमुळे गेला असेल तर ते कशाने भरून देणार? मार्चमध्ये पुण्यात सूर्य पावणेसातच्या आसपास मावळतो, पण महिनाभरात ती वेळ सात-आठ मिनिटं पुढे सरकते, म्हणून "इफ्तार 6:40" असं महिन्याभराच्या पत्रकावर छापणं चुकीचंच. मुंबई पुण्याच्या पश्चिमेला, तिथे सूर्य चारेक मिनिटं उशिरा मावळतो. पुण्याचं वेळापत्रक बॉक्सवर चिकटवून मुंबईला पाठवलं तर तिथली माणसं चार मिनिटं आधी रोजा सोडतील. नागपूरला पुण्यापेक्षा वीसेक मिनिटं आधी मावळतो. शिया घरांत अजून थोडं थांबतात, पूर्वेकडची लाली जाईपर्यंत. म्हणून आम्ही वेळ छापतच नाही, "आपल्या मशिदीच्या अझाननुसार" एवढंच.

डिलिव्हरी अझानच्या 45 मिनिटं आधी दारात. त्या शेवटच्या अर्ध्या तासात कोंढव्याच्या रस्त्यावर सगळेच घरी धावत असतात, तिथे गाडी अडकली की संपलं. पोहोचवणारा मुलगा पण रोजात असतो, तर त्याच्या शेवटच्या फेरीत त्याचा स्वतःचा खजूर आणि पाण्याची बाटली देतो, आणि ती फेरी वेळेआधी संपेल अशीच ठेवतो.

पण 45 मिनिटं आधी पोहोचवायचं म्हटलं की समोसा मऊ पडतो, वाफ झाकणाखाली अडकते. आमचे भटारखान्यातले चाचा आहेत, त्यांनी सांगितलं बॉक्सचे दोन भाग करा. छोट्या बॉक्समध्ये खजूर, पाणी, कापलेली फळं, आणि समोसे कागदात सैल, झाकणाला भोकं पाडून. दुसऱ्या डब्यात बिर्याणी किंवा हलीम, गच्च बंद, गरम. कारण लोक खजुरावर रोजा सोडतात, थोडं खातात, मग मगरिबची नमाज, आणि जेवायला त्यानंतरच बसतात. म्हणजे जेवणाचा डबा आणखी वीस-पंचवीस मिनिटं गरम राहायला हवा, 60 अंशांच्या खाली जाता कामा नये. हॉटेलात बसवणार असाल तर टेबलावर खजूर-पाणी आधीच मांडा, ऑर्डर आधीच घ्या. अझान होताना वेटर पेन घेऊन शेजारी उभा आहे, हे मी एका ठिकाणी पाहिलंय, वाईट वाटतं.

जाहिरात पाठवायची कधी? भर दुपारी सरबताच्या गार ग्लासाचा फोटो पाठवू नका, माणूस तहानलेला असतो. आम्ही तरावीहनंतर पाठवतो, रात्री दहाच्या सुमारास, तेव्हाच घरात उद्याचं काय ते ठरत असतं.

राहिला शेवटचा रोजा. 2024 ला तीस झाले, ईद 11 एप्रिलला. 2025 ला एकोणतीसच. एकोणतिसावा इफ्तार नक्की असतो, चाँद त्याच्यानंतर बघतात, शंका फक्त तिसाव्याची. म्हणून तिसाव्याची ऑर्डर घेताना आधीच विचारतो: चाँद झाला तर पैसे परत, की सकाळी शीरखुर्मा? बहुतेक जण शीरखुर्मा सांगतात. चिकनवाल्याला पण तसंच सांगून ठेवलेलं, रात्री नऊपर्यंत फोन आला तरच माल पाठव.

2025 चा एकोणतिसावा रोजा नेमका गुढीपाडव्याला आला, 30 मार्च, रविवार. दुपारी श्रीखंड-पुरीचे डबे गेले, संध्याकाळी इफ्तारचे. मगरिब झाली, चाचा दहीवड्यासाठी उडदाची डाळ मोजून परातीत काढून बसले होते, पाणी घालायचं नाही म्हणाले, थांबा. त्यांच्या मुलाचा मशिदीतून फोन आला, चाँद दिसला. चाचांनी डाळ परत डब्यात ओतली, माझ्याकडून पाडव्याच्या श्रीखंडाची वाटी घेतली, आणि म्हणाले, शेवयांचं पातेलं कुठंय?