एकाच वर्गासाठी गुणोत्तराच्या तीन शीट्स

तीन लेव्हलच्या शीट्स करायच्या म्हटलं की आपण काय करतो, तर कच्च्या मुलांना छोटे आकडे देतो, हुशारांना मोठे आकडे देतो आणि मधल्यांना मधले, पण गुणोत्तरात खरी अडचण आकड्याच्या आकाराची नसतेच, ती असते मूल बेरीज करतंय की गुणाकार याची.

एक उदाहरण घेऊ. ४ कप लाल रंगात ६ कप पांढरा घालून गुलाबी केला, तोच गुलाबी हवा असेल तर ८ कप लालला पांढरा किती? जवळपास सगळे १२ सांगतात. आता विचारा, १० कप लालला किती? इथे बरीच मुलं परत १२च म्हणतात, कारण लाल ६ने वाढला म्हणून पांढराही ६ने वाढवला. उत्तर १५ आहे. म्हणजे नुसत्या दुप्पट-तिप्पटीच्या शीटमध्ये ही चूक दिसतच नाही, मूल पैकीच्या पैकी मार्क घेऊन जातं आणि आपल्याला वाटतं झालं, समजलं.

म्हणून माझं म्हणणं असं की गोष्ट तीनही शीटवर हीच ठेवा, आकडेही हेच, बदलायचा तो आधार. पहिल्या शीटवर टेबल द्या, लालच्या कॉलममध्ये ४, ८, २, १०, पांढऱ्यात फक्त पहिला ६ भरलेला. हा क्रम मुद्दाम उलटसुलट आहे हां! ४, ८, १२ असं ओळीने दिलंत तर मूल खाली खाली ६ मिळवत जातं, टेबल बरोबर येतं आणि लाल-पांढऱ्याचा संबंध बघायची वेळच येत नाही. इथे मात्र २ला ३ काढावे लागतात, मग ८ आणि २ मिळून १०, तसेच १२ आणि ३ मिळून १५. दुसऱ्या शीटवर टेबल नाही, एका कप लालला पांढरा किती हे आधी विचारायचं, दीड आला की पुढचं त्यांचं ते करतात. तिसरीवर एकूण ३५ कप गुलाबी हवाय, लाल किती, पांढरा किती? इथे १० भागांतले ४ लाल हे दिसावं लागतं, मग १४ आणि २१ येतात.

शेवटचा प्रश्न तिन्हीकडे एकच: १० लाल आणि १२ पांढरा, रंग तोच येईल का? सगळा वर्ग यावर एकत्र बोलू शकतो, आणि कुणी "हो, दोन्हीकडे फरक २चाच आहे" म्हणालं तर खोडू नका, त्यालाच उलटं जायला सांगा, पहिल्या ४ लाल आणि ६ पांढऱ्यावर ये आणि दोन्हीतून ४ काढ. लाल ० कप, पांढरा २ कप. फरक अजून २च आहे, पण गुलाबी कुठाय?

पुढच्या वेळी कुणाला कुठली शीट द्यायची हे मी एकूण मार्कांवरून नाही, या एका उत्तराला दिलेल्या कारणावरून ठरवते. पहिल्या शीटवरचं मूल "एका लालला दीड पांढरा लागतो, इथे कमी पडला" म्हणालं की त्याचं टेबल काढून घ्यायचं.