हॉपर, चार लोड सेल आणि एक विसरलेला बोल्ट

[दृश्य: रेडीमिक्स काँक्रीटचा प्लांट. चार बिन ओळीने, त्यांच्याखाली खडीचा वजनाचा हॉपर.]

निवेदन:
वर चार बिन आहेत आणि खाली एकच लांबट हॉपर. एका टोकाच्या बिनमधून २० मिलिमीटरची खडी पडते, दुसऱ्या टोकाच्या बिनमधून क्रश सँड. दोन्ही मोजली जातात त्याच हॉपरमध्ये, एकापाठोपाठ एक. रिकाम्या हॉपरचं वजन ८०० किलो, आणि त्यात २००० किलोपर्यंत माल बसतो. हा सगळा भार चार कोपऱ्यांवरच्या चार लोड सेलवर, म्हणजे भाराचा विजेचा सिग्नल करणाऱ्या सेन्सरवर, टेकलेला आहे.

प्रत्येक लोड सेल २००० किलो क्षमतेचा. सेलला १० व्होल्ट दिले, तर पूर्ण क्षमतेच्या भाराखाली तो २० मिलिव्होल्ट परत देतो. म्हणजे २०० किलोला २ मिलिव्होल्ट. चौघांच्या तारा जंक्शन बॉक्समध्ये एकत्र होतात आणि तिथून केबिनमधल्या इंडिकेटरला एकच सिग्नल जातो. ऑपरेटरला दिसतो तो बेरजेचा आकडा. त्या बेरजेत कोणत्या कोपऱ्याचा किती वाटा आहे, हे पडद्यावर कुठेच दिसत नाही.

[दृश्य: हॉपरच्या घासलेल्या बाजूवर नवा पत्रा वेल्ड केलेला. वेल्डिंगच्या खुणा ताज्या.]

या हॉपरचं नुकतंच काम झालंय. खडीने आतला पत्रा झिजवला होता, तिथे नवा पत्रा बसवला. पाणी शिरून खराब झालेला एक सेलही बदलला. आपण त्या कोपऱ्याला ‘ब’ म्हणू.

वेल्डिंगआधी फिटरने दोन गोष्टी योग्य केल्या. लोड सेलच्या तारा सोडवल्या, आणि वेल्डिंगचा अर्थिंग क्लॅम्प अगदी वेल्डिंगच्या जागेजवळ, हॉपरवरच लावला. तो क्लॅम्प खालच्या फ्रेमला लावला असता, तर वेल्डिंगचा करंट हॉपरमधून फ्रेमकडे जाताना लोड सेलमधून वाट काढू शकला असता, आणि आतल्या बारीक स्ट्रेन गेजला तो सोसला नसता. शिवाय चारही कोपऱ्यांचे जॅक बोल्ट वर करून हॉपर सेलवरून किंचित उचलून धरला. काम झाल्यावर ते बोल्ट परत खाली घेतले.

आता वजन तपासायचं. इथे बहुतेक जणांचा हात आधी जंक्शन बॉक्सकडे जातो, ट्रिम पॉट, म्हणजे प्रत्येक सेलचा सिग्नल किंचित जुळवणारा स्क्रू, फिरवायला. थोडं थांबायला हवं.

[दृश्य: जंक्शन बॉक्स उघडा. मल्टिमीटरवर मिलिव्होल्ट.]

रिकाम्या हॉपरवर प्रत्येक सेलची सिग्नलची जोडी वेगळी करून मिलिव्होल्ट मोजले. भार समान वाटला गेला असता तर प्रत्येकी साधारण २ यायला हवे होते. आले ३.५, ०.४, ३.५ आणि ०.६. चौघांची बेरीज मात्र बरोबर ८! म्हणूनच इंडिकेटरला यातलं काही कळलं नव्हतं.

हॉपर ताठ असतो आणि पाय चार. त्यातला एक जरा खाली गेला, की कर्णावर समोरासमोरचे दोन कोपरे भार घेतात आणि उरलेले दोन जवळजवळ मोकळे राहतात. तीन पायांच्या हॉपरला हा त्रास नसतो, चार पायांच्या हॉपरला नेहमीच असतो. उपाय यांत्रिक आहे. मोकळ्या कोपऱ्याखाली शिम, म्हणजे पातळ पत्र्याची पट्टी, सरकवायची, पुन्हा मोजायचं. सेल पूर्ण भाराखालीसुद्धा अर्ध्या मिलिमीटरपेक्षा कमी दबतो, त्यामुळे काही दशांश मिलिमीटरच्या शिमनेच आकडे हलतात. शिम बसल्यावर चौघे १.९ ते २.१ मध्ये आले. नव्या पत्र्याचं थोडं जास्तीचं वजन शून्य नव्याने घेताना आपोआप धरलं गेलं.

[दृश्य: कोपऱ्यावरच्या कानाला लटकवलेली २० किलोची वजने.]

मग कोपऱ्यांची तपासणी. हॉपरला सपाट तळ नसतो, म्हणून प्रत्येक सेलपासून सारख्याच अंतरावर वेल्ड केलेल्या कानांवर वैधमापनाचा शिक्का असलेली २० किलोची वजने टांगतात. प्रत्येक कोपऱ्याला आधी १००, मग २००, मग ३०० किलो. एकाच भारावर थांबलं, तर पुढची गोष्ट दिसत नाही.

‘अ’ आणि ‘ड’ बरोबर आले.
‘ब’, म्हणजे नवा सेल: १०० ला १००.५, २०० ला २०१, ३०० ला ३०१.५.
‘क’: १०० ला १००, २०० ला १९८, ३०० ला २९५.

दोन्ही कोपऱ्यांत फरक आहे, पण तो वेगवेगळ्या जातीचा आहे. ‘ब’चा फरक भाराच्या प्रमाणात वाढतो, सगळीकडे अर्धा टक्का. ही सेलच्या संवेदनशीलतेची गोष्ट आहे, आणि ट्रिम पॉट तिच्यासाठीच आहे. ‘क’चं गणित मात्र निराळं आहे. १०० पर्यंत काहीच चुकत नाही आणि त्यानंतर अचानक वजन गायब व्हायला लागतं. विजेची चूक अशी एका टप्प्यावर सुरू होत नाही. कोपरा दबता दबता कशाला तरी टेकतोय आणि उरलेला भार सेलला चुकवून फ्रेममध्ये उतरतोय.

[दृश्य: टॉर्चच्या प्रकाशात ‘क’ कोपऱ्याचा जॅक बोल्ट आणि पट्टी.]

बोल्ट सापडला. तीन बोल्ट पुरते खाली घेतले होते, ‘क’चा जेमतेम. बोल्टचं टोक आणि पट्टी यांच्यात कागदाएवढी फट होती. रिकामा हॉपर त्याला शिवतही नव्हता, त्यामुळे शून्य दर वेळी अचूक येत होतं. ऑपरेटर रोज सकाळी शून्य बघतो आणि त्याला सगळं ठीक वाटतं. ‘क’ क्रश सँडच्या बिनखाली आहे. तिथे वजन कमी दिसलं, की ठरल्यापेक्षा जास्त वाळू ओतली जाते. खडीचा आकडा त्या मानाने ठीक, वाळूचा बिघडलेला. मग काँक्रीटची घडण का बदलली याचा शोध पाण्याच्या प्रमाणात घेतला जातो.

बोल्ट खाली घेऊन चेकनट आवळला. ‘क’: १००, २००, ३००. पॉटला हातही लावला नाही. आधी पॉट फिरवून ‘क’चे १९८ चे २०० केले असते, तर त्याच कोपऱ्याचे १०० किलो १०१ झाले असते आणि ३०० किलो २९८ च्या आसपासच राहिले असते.

उरला ‘ब’. त्याचा पॉट सावकाश फिरवून २०१ चे २०० केले. एक पॉट हलला की इतर कोपरेही किंचित सरकतात, म्हणून चारही कोपरे पुन्हा बघितले. चौघांत अर्ध्या किलोपेक्षा जास्त फरक उरला नाही.

[दृश्य: हॉपरमध्ये खडी पडते.]

कोपरे जुळले म्हणजे पूर्ण भाराचं वजन जुळलं असं होत नाही. २००० किलोची वजने साइटवर क्वचितच असतात. इथे ५०० किलो आहेत. ती टांगली, इंडिकेटर ५०० वर आणला. वजने काढली आणि तोच आकडा येईपर्यंत खडी भरली. त्यावर पुन्हा तीच ५०० किलो टांगली, आकडा १००० अपेक्षित. मग तितकीच आणखी खडी, पुन्हा वजने, असं २००० पर्यंत. उतरतानाही आकडे नोंदवले, कारण कुठे घर्षण असेल किंवा काही टेकत असेल तर चढताना आणि उतरताना आकडा वेगळा येतो.

काँक्रीटच्या आय एस ४५६ या भारतीय मानकानुसार खडीच्या मोजमापात ३ टक्क्यांपर्यंत चूक चालते, सिमेंटला २ टक्के. ऐकायला सैल वाटतं. पण गेट बंद होताना हवेत असलेला माल, ओलावा, गेटची ढिलाई, या सगळ्यांचा वाटा त्यातच बसवायचा असतो. वजनकाट्याने त्यातला मोठा भाग खाऊन चालत नाही.

दुरुस्ती झालेल्या काट्याची पडताळणी वैधमापन अधिकाऱ्याकडून पुन्हा करून शिक्का घ्यावा लागतो. आजच्या कोपऱ्यांचे आकडे, प्रत्येक सेलचे मिलिव्होल्ट आणि प्रत्येक जॅक बोल्टची फट नोंदवहीत तारखेसह लिहिली आहे. पंधरा दिवस माल पडून जोड बसले, की तेच तीन भार, त्याच चार कानांवर पुन्हा टांगायचे आणि या पानाशी ताडून बघायचे.