ट्यूब विझल्यावरच स्क्रीन पिवळी करा
(सोलापुरातल्या एका वाचनालयात जॅकार्ड डिझाइन करणाऱ्यांसमोर झालेलं बोलणं, थोडं संपादित करून)

मंडळी, मी मॉनिटर दुरुस्त करणारा माणूस, डोळ्यांचा डॉक्टर नव्हे. तेव्हा बोलणार आहे ते स्क्रीनच्या बाजूनं.

गेल्या हिवाळ्यात चादरींची डिझाइनं करणाऱ्या एका अण्णांचा फोन आला. "डोळे चुरचुरतात म्हणून विंडोजमधला नाइट लाइट लावला, पण चुरचुर आहे तशीच. वर रंग बिघडले ते वेगळंच." बघायला गेलो. सायंकाळचे साडेसहा वाजले होते. डोक्यावर पांढरी ट्यूब, समोर मॉनिटर नारिंगी झालेला, आणि शेजारी सुताचं शेडकार्ड. नाइट लाइट `Sunset to sunrise` वर होता. आपल्याकडे डिसेंबरात सूर्य सहाच्या आत मावळतो, जूनमध्ये सात वाजून जातात. म्हणजे अण्णांचं निम्मं काम उरलेलं असतानाच स्क्रीन पिवळी व्हायची.

पिवळी म्हणजे नेमकी कशी? लोहाराकडे लोखंड तापताना आधी लाल दिसतं, मग पिवळं, मग पांढरं. रंगाचं तापमान केल्विनमध्ये मोजतात ते याच हिशोबानं. जुना गोल बल्ब साधारण २७०० केल्विनचा, तर पांढरी ट्यूब आणि नेहमीची स्क्रीन ६५०० च्या आसपास. आकडा खाली गेला की निळा कमी होतो. नाइट लाइट एवढंच करतो. मागचा दिवा मंद होत नाही.

आता ६५०० च्या ट्यूबखाली डोळा त्याच पांढऱ्याला पांढरं मानून बसलेला असतो. शेजारी साडेतीन हजारांची स्क्रीन आली की ती घाण दिसणारच. अण्णांना साय रंगाचा काठ जास्त पिवळा वाटला, म्हणून त्यांनी त्यातला पिवळा काढला. सकाळी नाइट लाइट उतरल्यावर काठ राखी-निळसर! गंमत अशी की स्क्रीनशॉटमध्ये हा पिवळेपणा येत नाही, त्यामुळे गिऱ्हाइकाला पाठवलेलं चित्र अण्णांना दिसत होतं त्यापेक्षा वेगळंच गेलं.

मग चुरचुर कशानं? आधी ब्राइटनेस पाहिला. मॉनिटर विकत घेतल्यापासून शंभरावर. मी पांढरी कोरी फाइल उघडली आणि शेजारी कोरा कागद धरला. कागद मळकट आणि स्क्रीन दिव्यासारखी दिसली, तर उजेड जास्त. स्क्रीनच राखाडी वाटली, तर कमी. दोन्ही सारखे दिसेपर्यंत मॉनिटरच्या बटणानं खाली आणत गेलो, पस्तीसला थांबलो. अण्णा म्हणाले, "अंधार झाला." पाच मिनिटं थांबा म्हटलं. नंतर त्यांनीच शंभरावर नेऊन बघितलं आणि डोळे मिटून घेतले.

ही मात्रा रोज हातानं कोण बदलणार? लॅपटॉपला विंडोजमधली पट्टी चालते, पण टेबलावरच्या मॉनिटरला ती बहुतेक वेळा दिसतच नाही. तिथं Twinkle Tray हे फुकट सॉफ्टवेअर केबलमधून मॉनिटरलाच निरोप देतं, आणि वेळही लावता येते. मॉनिटरच्या मेनूत DDC/CI चालू हवं, एवढंच. अण्णांचं वेळापत्रक असं बसवलं: दिवसा ४५, सात वाजता ३५, साडेदहाला २५. नाइट लाइटसाठी `Settings > System > Display > Night light` मध्ये `Set hours` निवडून साडेदहा ते सहा. कारण साडेदहाला ते ट्यूब बंद करून पिवळ्या टेबललॅम्पवर फक्त हिशोब बघतात. रंगाचं काम त्यानंतर बंद. नाइट लाइटची पट्टी चाळीसच्या आसपास ठेवली, तिथं पांढरं पान लॅम्पखालच्या कागदासारखं दिसत होतं.

पंचवीसच्या खाली का नाही नेलं? काही मॉनिटर मंद करताना मागचा दिवा भराभर उघडझाप करतात. पाहायचं असेल तर पांढऱ्या स्क्रीनपुढे पेन्सिल जोरात हलवा. सलग पुसट पट्टा दिसला तर बरं, सुट्या सुट्या पेन्सिली दिसल्या तर उघडझाप आहे. काहींचं डोकं त्यानं धरतं. अण्णांच्या मॉनिटरला वीसच्या खाली पेन्सिली दिसल्या. म्हणून स्क्रीन आणखी मंद न करता लॅम्प भिंतीकडे वळवला, म्हणजे मागची भिंत उजळली आणि स्क्रीन एकटी चमकायची थांबली.

महिन्यानं विचारलं, तर डोळे दिपणं गेलं होतं, चुरचुर थोडी उरली होती. ती निळ्या प्रकाशाची नव्हेच. निळा कमी केल्यानं चुरचुर थांबते याला भक्कम पुरावा नाही. रात्रीचा निळा उजेड झोपेच्या वेळेत ढवळाढवळ करतो, ती गोष्ट वेगळी. ग्राफवर टक लावून बसलं की पापण्या कमी लवतात आणि डोळा कोरडा पडतो. त्यात आपली सोलापूरची हवा, आणि अण्णांचा टेबलफॅन थेट तोंडावर! पंखा पायाकडे वळवला. शिवाय चाळिशी ओलांडलेली, चष्म्याचा नंबर तीन वर्षं तपासलेला नाही. ते काम माझ्या पेचकसानं होणारं नव्हतं, डॉक्टरांकडे पाठवलं.

साय रंगाचा काठ मात्र आता ते सकाळी दहाला, शेडकार्ड खिडकीत धरूनच ठरवतात.