रुपया सावरताना: २०१३ चा पावसाळा

[दृश्य: मुंबई, फोर्ट. भर पावसात रिझर्व्ह बँकेची इमारत.]

मे २०१३. विकासदर पाच टक्क्यांच्या आसपास रेंगाळलेला. कारखानदारांना स्वस्त कर्ज हवं होतं, म्हणून ३ मे रोजी रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दराने पैसे उसने देते तो दर, पाव टक्क्याने उतरवून ७.२५ वर आणला. तेव्हा किरकोळ महागाई नऊ टक्क्यांच्या वर होती. म्हणजे वाढीसाठी केलेली ही कपात महागाईच्या अंगाने पाहिली, तर आधीच जोखमीची होती.

त्यातच २२ मे रोजी अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हचे अध्यक्ष बर्नान्के यांनी रोखे खरेदी कमी करण्याचे संकेत दिले. अमेरिकेत व्याज वाढणार या अंदाजाने गुंतवणूकदारांचे डॉलर भारतातून परत फिरू लागले. आपली चालू खात्यातली तूट, म्हणजे परदेशी व्यवहारांत येणाऱ्या पैशांपेक्षा बाहेर जाणारे जास्तीचे पैसे, आदल्या वर्षी जीडीपीच्या ४.८ टक्के होती, त्यामुळे रुपयाला फटका जास्त बसला.

[दृश्य: डॉलरच्या भावाचा आलेख, वर चढत जाणारा.]

आता रुपया सावरायचा तर व्याज वाढवायला हवं, आणि वाढ टिकवायची तर ते वाढवून चालणार नव्हतं. १५ जुलैला बँकेने मधली वाट काढली. रेपो दराला हात लावला नाही, पण बँकांना अडीनडीला एका रात्रीसाठी पैसे मिळतात त्या खिडकीचा, म्हणजे एमएसएफचा दर ८.२५ वरून थेट १०.२५ केला. रेपोवर मिळणाऱ्या पैशांनाही मर्यादा घातली. हिशेब असा, की रुपये उसने घेऊन डॉलर घेणाऱ्याला ते परवडू नये आणि गृहकर्ज, कारखान्यांची कर्जं यांना धक्का लागू नये.

धक्का लागलाच. रेपोवर हवे तितके पैसे मिळेनात, तेव्हा बँकांसाठी खरा दर एमएसएफचाच झाला. दहा वर्षांच्या सरकारी रोख्यांचा परतावा ऑगस्टमध्ये नऊ टक्क्यांच्या वर गेला. व्याज वर गेलं की रोख्यांची किंमत उतरते, त्यामुळे बँकांच्या तिजोरीतल्या जुन्या रोख्यांवर तोटा दिसू लागला. एवढं सोसूनही २८ ऑगस्टला डॉलर ६८ रुपयांच्या पुढे गेला. कर्ज महागलं आणि रुपयाही घसरला, हे या उपायाचं सगळ्यात कटू फळ.

कामी आला तो वेगळा उपाय. सप्टेंबरच्या सुरुवातीला रघुराम राजन गव्हर्नर झाले आणि अनिवासी भारतीयांच्या किमान तीन वर्षांच्या डॉलर ठेवींसाठी बँकांना सवलतीची सोय मिळाली. ठेव परत करताना डॉलर महागला तर होणारा तोटा, म्हणजे विनिमय दराचा धोका, रिझर्व्ह बँकेने वर्षाला ३.५ टक्क्यांत स्वतःकडे घेतला. बाजारात त्याला बरंच जास्त मोजावं लागे. नोव्हेंबरअखेर ही सोय आणि बँकांच्या परदेशी कर्जांची तशीच सोय मिळून सुमारे ३४ अब्ज डॉलर आले. रुपयासाठी व्याजदर ताणून धरायची गरज उरली नाही.

[दृश्य: पडद्यावर दोन बाण, एक खाली, एक वर.]

२० सप्टेंबरला एकाच पत्रकात एमएसएफ ९.५ वर उतरला आणि रेपो ७.५ वर चढला. पहिला बदल सावरलेल्या रुपयामुळे, दुसरा महागाईसाठी. कारण घसरलेल्या रुपयाने आयात होणारं कच्चं तेल आधीच महाग केलं होतं. मे महिन्यात कारखान्यांना दिलेली पाव टक्क्याची सवलत त्या दिवशी परत गेली.