नळाकडं कान

नमस्कार श्रोतेहो. आज ग्राउंडेड थिअरीवर बोलायचंय, म्हणजे आधी अंदाज न बांधता लोकांच्या बोलण्यातूनच थिअरी वर काढायची संशोधनाची रीत. नाव ऐकून लगेच स्टेशन बदलू नका, कारण उदाहरणाला मी आपला नळच घेतलाय, आणि सोलापुरात नळाचा विषय निघाला की कुणी मधूनच उठून जात नाही असा माझा अनुभव आहे.

मी कॉलेजात संशोधन पद्धती शिकवतो. दरवर्षी प्रोजेक्टचे फॉर्म वाटले की पहिला प्रश्न ठरलेला, सर हायपोथेसिस काय लिहू? म्हणजे अजून कुणाशी बोलणं नाही, कुठं जाणं नाही, आणि उत्तराचा अंदाज मात्र आधीच रकान्यात पाहिजे. समजा एखादीनं लिहिलं, घरातली पाण्याची टाकी जितकी मोठी तितका घरच्या बाईला त्रास कमी. आता प्रश्नावली काढायची, टाकी किती लिटरची, त्रास एक ते पाचमध्ये किती, शंभर घरं फिरायची, कॉम्प्युटरला घालायचं, हो किंवा नाही येईल. यात चूक काही नाही बघा, जगात निम्मं संशोधन असंच चालतं. पण त्रास हा शब्द कुणाचा? आपला. त्या बाईला विचारलं नाही की पाण्याच्या दिवशी तुमच्याकडं नेमकं काय होतं. ती कदाचित त्रास म्हणणारच नाही, दुसरंच काहीतरी सांगेल, आणि त्याला आपल्या फॉर्ममध्ये जागाच नसेल.

हीच अडचण बार्नी ग्लेझर आणि अँसेल्म स्ट्रॉस या दोन अमेरिकन समाजशास्त्रज्ञांनी धरली. साठच्या दशकात ते सॅन फ्रान्सिस्को भागातल्या हॉस्पिटलांमध्ये, जिथं पेशंट वाचणार नाही हे माहीत असतं तिथं, बसून नुसतं बघत होते, ऐकत होते. कुणाला काय माहीत आहे आणि कोण काय लपवतंय हे बघता बघता त्यांना एक गोष्ट दिसली, की पेशंटलाही कळलेलं असतं आणि नर्सलाही, पण दोघं असं वागतात की जणू पुढच्या आठवड्यात डिस्चार्ज आहे. या नाटकाला त्यांनी एक नाव दिलं, त्याच्या अलीकडच्या पलीकडच्या अवस्थांनाही दिलं. ते पुस्तक 1965 चं. मग लोक विचारायला लागले की हे काढलं कसं, तर ती रीत सांगणारं पुस्तक 1967 साली आलं आणि तिथून ग्राउंडेड थिअरी हे नाव चाललं. त्या काळी तिकडं मोठमोठ्या लोकांच्या थिअऱ्या घ्यायच्या आणि तपासायच्या एवढंच चाललेलं, यांनी म्हटलं तपासायचं नंतर बघू, आधी संकल्पना माहितीतूनच वर येऊ द्या.

आता आपला नळ. माणसं मी उदाहरणापुरती रचलीत, पण बोलणं तुम्ही गल्लीत ऐकलेलं असणार. प्रश्न एकच आणि मोकळा ठेवायचा, पाण्याच्या दिवशी घरात काय काय होतं ते सांगा.

पहिली बाई साखर पेठेतली, चाळीत राहणारी. ती म्हणते, "पाणी यायच्या दिवशी मी कुठं जात नाही. बहिणीच्या नातवाचं बारसं होतं, नाही गेले. रात्री दोनला आलं तर दोनला उठायचं. झोपलं तरी कान तिकडंच असतो बघा."

हे लिहून काढायचं, तिच्याच शब्दात, आणि ओळीओळीला एक छोटं नाव द्यायचं, याला म्हणतात कोडिंग. नवीन पोरं इथं काय लिहितात? पाणीटंचाई. महिलांच्या समस्या. अरे, हे तर मुलाखत न घेताही लिहिता आलं असतं! हे कोड नाहीत, पेपरातल्या बातमीचे मथळे आहेत. कोडमध्ये माणूस काय करतंय ते आलं पाहिजे. पहिल्या ओळीला "जाणं टाळणं", दोनला उठण्याला "नळाच्या वेळेनं उठणं", आणि शेवटच्या ओळीला मी काहीच नाव देत नाही, तिचेच शब्द उचलतो, "कान तिकडंच". बोलणाऱ्याचा शब्द आपल्या शब्दापेक्षा नेमका असला तर तोच कोड ठेवायचा. हे तीन कोड शेजारी ठेवले की वाटतं, ही बाई पाणी भरत नाहीये नुसती, ती राखण करतीये, शेतात पिकाची करतात तशी. वहीत लगेच चार ओळी लिहायच्या, पाण्याची राखण, हे काय प्रकरण आहे? असल्या टिपणाला मेमो म्हणतात आणि माझ्या मते सगळ्या पद्धतीत हेच सगळ्यात दुर्लक्षित काम आहे, पोरं रेकॉर्डिंग करतात, कोड करतात, मेमो मात्र आदल्या रात्री गाईडला दाखवायला एकदम वीस पाडतात.

आता दुसरी मुलाखत, पण लक्षात घ्या, पहिलीचं कोडिंग झाल्यावर. तीस मुलाखती उरकून मग कोडिंगला बसलं की तो गाडा गेला, कारण पुढं कुणाकडं जायचं हे मागची मुलाखत ठरवणार असते. पहिलीत राखण दिसली ना, मग जिथं राखण नसावी असं वाटतं तिथं जाऊ, जुळे सोलापूर, अपार्टमेंट, खाली मोठा हौद, वर टाकी, मोटर. तिथले गृहस्थ म्हणतात, "आम्हाला काय प्रॉब्लेम नाही, टाकी आहे, वॉचमन बघतो." झालं, टाकीवालं हायपोथेसिस खरं ठरलं, फॉर्म भरा आणि घरी जा. पण पहिलीच्या शेजारी हे वाक्य ठेवून बघा. राखण संपली का? नाही, हात बदलले. कान आता वॉचमनचा तिकडं आहे. अशी एक घटना दुसरीला भिडवत राहायचं, सारखी तुलना, आणि प्रत्येक तुलनेत संकल्पनेचा एकेक कंगोरा कळतो. इथं कळलं की राखण सोपवता येते.

सोपवता येते तर जिथं वॉचमन नाही आणि घरात दिवसभर कुणीच नाही तिथं काय करतात? म्हणून तिसरी मुलाखत नवराबायको दोघं कामाला जाणाऱ्या घरात. ती बाई म्हणते, शेजारच्या काकूंकडं चावी असते, त्या नळ सोडतात, मग मी त्यांच्या नातीला शाळेतून आणते. नवा कोड, "राखणीची परतफेड".

चौथी जागा मी मुद्दाम घेतली विडी वळणाऱ्या बाईची. माझा अंदाज असा की ही तर दिवसभर घरातच, सूप मांडीवर, हिला राखणीचं ओझं सगळ्यात कमी. अंदाज करायला बंदी नाही बरं का, तो धरून बसायला बंदी आहे. तर ती म्हणते, "सगळे म्हणतात ही खालीच हाय की. गल्लीतल्या पाच घरांचे नळ मीच सोडते. त्या दिवशी माझी हजार विडी पुरी होत नाही."

इथं एक गंमत. आपल्याकडं खाली म्हणजे रिकामी, मोकळी, तेलुगू बोलणाऱ्या घरांत तर सर्रास. पुस्तकी मराठीत वाढलेल्या पोरानं रेकॉर्डिंग उतरवताना लिहिलं "ही खालीच बसते", म्हणजे जमिनीवर! आख्खा धागा गेला की हो. म्हणून उतरवताना शब्द शुद्ध करायचा नाही, आधी कोड करायचा, भाषांतर मग. "खालीच हाय" हाच तर या मुलाखतीतला सगळ्यात वजनदार कोड आहे. ती विडीच्या पानावर कात्री चालवतीये, तंबाखू भरतीये, दोरा गुंडाळतीये, आणि गल्लीच्या हिशोबात ती मोकळी आहे. आणि परतफेड? तिसऱ्या घरात होती, इथं कुणी बोललंच नाही तिच्याबद्दल. मी परत जाऊन विचारलं तर ती हसली, म्हणाली कसली परतफेड, मी घरीच असते ना.

आता मेमोत हळूहळू एक वाक्य तयार होतं. पाण्याची वेळ जितकी बेभरवशाची तितकी राखण लांबते, आणि लांबलेली राखण ज्याला गल्ली मोकळं समजते त्याच्याकडं घसरत जाते, आणि तिथं पोचल्यावर तिची परतफेड कुणाच्या लक्षात राहत नाही. ही झाली छोटीशी थिअरी. टाकीच्या लिटरमधून ही कधीच निघाली नसती. पण हिच्यावरून शहरातल्या किती टक्के बायका असं करतात हे सांगता येणार नाही, कुणी विचारलं तर सरळ नाही म्हणायचं, तो सर्व्हेचा प्रांत आहे.

मुलाखती थांबवायच्या कधी, हे हमखास विचारतात. आकडा ठरलेला नाही. नवी मुलाखत राखण या कल्पनेचा नवा कंगोरा दाखवेनाशी झाली की थांबायचं, याला संपृक्तता म्हणतात, आणि बरेच जण हा शब्द "कंटाळा आला" या अर्थानं वापरतात. ओळखायचं कसं? मेमो बघा. शेवटच्या चारपाच मुलाखतींनंतर मेमोत काही खोडावं लागलं नसेल तर ठीक, मेमोच नसतील तर संपृक्तता कशाची!

अजून एक, कोडांची जुळवाजुळव कशी करायची यावर खुद्द त्या दोघांचंच बिनसलं. स्ट्रॉसनं ज्युलिएट कॉर्बिनबरोबर 1990 साली ठरलेल्या पायऱ्यांचं पुस्तक काढलं, कारण, संदर्भ, परिणाम असे तयार कप्पे त्यात होते, तर ग्लेझरनं 1992 मध्ये उलट पुस्तक लिहून म्हटलं की हे माहितीवर जबरदस्ती करणं झालं. मला विचाराल तर नवशिक्याला कप्पे आधाराला बरे, पण आपल्या उदाहरणात परतफेड मी "परिणाम" या कप्प्यात टाकून मोकळा झालो असतो, तर ती कुठं होते आणि कुठं होत नाही हे बघायलाच गेलो नसतो.

आपलं काम अजून संपलेलं नाही. विडीवाली घरी असते म्हणून राखण तिच्याकडं, की बाई असून घरी असते म्हणून? हे कळायला पाचवी जागा लागते, दिवसभर घरी असणारा पुरुष. म्हणून गेलो एका रिटायर्ड मिल कामगाराकडं, ओट्यावर खुर्ची टाकून बसलेले. म्हटलं आजोबा, पाणी आलेलं तुम्हाला कळतं का? म्हणाले, "सगळ्यात आधी मलाच कळतं, नळ सूं सूं करतो ना आधी, हवा येते." मग भरता तुम्ही? "मी हाक मारतो की सुनेला."

म्हणजे कान यांचा आणि हात तिचे. राखण एक समजत होतो मी इतके दिवस, ती दोन निघाली, आणि मेमो पहिल्या पानापासून परत लिहायला घेतलाय.